८३ मेलचा सारांश लिहायचाय: कोण कशाला हो म्हणालं, कुठे अडलंय, काय राहिलंय

रामबागवाली (इंदूर)

नमस्कार मंडळी. इंदूरला रामबागेत आमचा आजोबांच्या वेळचा वाडा आहे, चार घरांत सामायिक. आता तिथे फक्त काका-काकू राहतात, आणि खाली एक जुने भाडेकरू. यंदा पावसाच्या तोंडावर माजघरावरचं छप्पर गळायला लागलं. ४ जूनला काकांनी सगळ्यांना एक मेल टाकला, ‘काय करायचं ते कळवा’. १९ जुलैपर्यंत त्याचे ८३ मेल झाले. लिहिणारे नऊ जण: इंदूर, पुणे, नागपूर, ग्वाल्हेर आणि एक चुलतभाऊ न्यू जर्सीला. काका म्हणाले, ‘तू सगळं नीट वाचतेस, एक सारांश करून सगळ्यांना पाठव.’

पहिल्यांदा तारीखवार लिहिला. सहा पानं झाली. काकांनी दोन पानं वाचून बाजूला ठेवला. म्हणाले, ‘ही बखर झाली. ठरलंय काय ते कुठे आहे यात?’ मग एका पानात बसवला. त्यात एक ओळ होती: ‘छताच्या दुरुस्तीला सर्वांची संमती.’ तासाभरात ग्वाल्हेरहून आत्याचा फोन: ‘मी असं कधी म्हटलं गं?’ संध्याकाळी पुण्याच्या दादाचा मेल: ‘मी दुरुस्तीला नाही, स्लॅबला हो म्हटलंय.’ आत्याचा आवाज दुखावलेला होता आणि तो अजून माझ्या कानात आहे. तिच्या नावावर मी तिचं नसलेलं काही लिहिलं.

रविवारपर्यंत तिसरा मसुदा द्यायचाय. घाईत चुकायचं नाहीये. ज्यांनी असं काम केलंय त्यांनी कृपया सांगा, सुरुवात कुठून करू?

निखिल_पलासिया

ताई, एवढं सगळं वाचायची गरज नाही. शेवटचा मेल उघडायचा आणि खाली खाली जायचं. प्रत्येक उत्तराखाली आधीचा मजकूर आपोआप येतोच, त्यामुळे शेवटच्या मेलात सगळं असतं. आणि कोण किती बाजूने ते मोजायचं. नऊपैकी सात जण हो म्हणत असतील तर ठरलं. आमच्या बिल्डिंगमध्ये असंच करतो.

लष्करकर (ग्वाल्हेर)

सामायिक वाडा म्हटला की आधी वाटणीपत्र बघा. आमच्या लष्कर भागातल्या घराचं अकरा वर्षं चाललं, शेवटी वकिलाशिवाय सुटलं नाही. भाडेकरू आहे म्हणता, तर पावत्या कोणाच्या नावाने फाडतात ते बघून ठेवा. मेलबिल नंतर.

रामबागवाली

लष्करकर काका, तुमचं म्हणणं पटतंय, पण हिश्शांवरून आमच्यात वाद नाही. प्रश्न एवढाच आहे की कोण काय म्हणालं ते सगळ्यांना मान्य होईल असं कसं मांडायचं.

निखिल, शेवटून वाचून पाहिलं. पण मध्ये नागपूरच्या बहिणीने विषयाची ओळ बदलून ‘भाडेकरू’ असं केलं होतं. तिथून पुढचे मेल वेगळ्याच जागी दिसतात, शेवटच्या मेलात ते नाहीतच.

टिपणवही (वडोदरा)

रामबागवाली, नेमकं तिथेच फसायला होतं. निखिलचं अर्धं बरोबर आहे. शेवटच्या मेलाखाली जुना मजकूर असतो खरा, पण फक्त त्या एका फांदीचा. दोघांनी एकाच मेलला उत्तरं दिली की दोन फांद्या होतात आणि एकीत दुसरीचं काही येत नाही. जीमेल तर विषयाची ओळ बदलली की नवीनच संवाद धरतं, आणि एका संवादात १०० मेल झाले तरी तोडून दुसरा सुरू करतं. म्हणून आधी सगळे मेल गोळा करा, विषयावरून नाही, माणसांवरून. शोधपट्टीत असं लिहा:

```
from:(काकांचा पत्ता) after:2024/6/3 before:2024/7/20
```

वर्ष तुमचं जे असेल ते. कंसात एकेकाचा पत्ता घालून नऊ वेळा शोधा आणि वहीत वेळेच्या क्रमाने १ ते ८३ आकडे टाका. हे आकडे शेवटपर्यंत सोडायचे नाहीत. सारांशातल्या प्रत्येक वाक्याच्या मागे आकडा हवा. ज्याला शंका येईल तो स्वतः मूळ मेल उघडून पाहील, तुमच्यावर रागावणार नाही.

मग माणसांप्रमाणे नाही, तारखेप्रमाणेही नाही, प्रश्नांप्रमाणे लावा. ८३ मेलांत खरे प्रश्न चार-पाचच निघतील. एका मेलात तीन प्रश्नांवर मतं असतील तर तो मेल तीन ठिकाणी लिहिला जाईल, जाऊ द्या.

आता तुमच्या त्या ओळीबद्दल. ‘दुरुस्ती’ म्हणजे काका काय म्हणतात आणि पुण्याचे दादा काय म्हणतात? त्यांचे शब्द इथे जसेच्या तसे द्याल का? आणि आत्यांनी नेमकं काय लिहिलं होतं तेही.

रामबागवाली

देते. आकडे घालून झाले, कालची रात्र त्यातच गेली.

काका (मेल ३): ‘कौलं उतरवून, कुजलेले वासे बदलून परत चढवायची. एक लाख ऐंशी हजारांत होतंय. एवढी दुरुस्ती पावसाआधी उरकू.’

पुण्याचा दादा (मेल ९): ‘दुरुस्तीला माझा पूर्ण पाठिंबा. पण दर दोन वर्षांनी कौलं फेरण्यापेक्षा एकदाच छप्पर उतरवून स्लॅब टाकू. अकरा लाखांपर्यंत जाईल.’

आत्या (मेल १२): ‘छताला माझी ना नाही. पण खालच्या भाडेकरूचं आधी ठरू दे. काम निघालं की ते म्हणतील आता आम्ही कुठे जाऊ.’

आत्या (मेल ४४), एवढंच: ‘ठीक आहे.’

मी ४४ बघून तिला संमतीत धरलं.

टिपणवही

बघा, सगळं इथेच आहे.

काका आणि दादा दोघांनी ‘दुरुस्तीला हो’ म्हटलं. शब्द एक, कामं दोन. एकाचे १ लाख ८० हजार, दुसऱ्याचे ११ लाख. एकात वाडा कौलारूच राहतो, दुसऱ्यात नाही. ही सहमती नाहीच, हा तुमच्या चर्चेतला सगळ्यात मोठा मतभेद आहे आणि तो एका शब्दाखाली झाकला गेला. सारांश लिहिताना ज्या शब्दावर सगळे एकत्र आलेले दिसतात, त्याच शब्दाला आधी थांबवून विचारायचं: हा शब्द प्रत्येकाच्या मेलात काढून त्या जागी त्यांनी सांगितलेलं काम लिहिलं तर वाक्य तेच राहतं का? नाही राहिलं तर तो शब्द सारांशात वापरायचाच नाही. ‘कौलं फेरणे’ आणि ‘स्लॅब टाकणे’ असंच लिहायचं.

आत्यांच्या मेल १२ मध्ये अट आहे. ‘ना नाही, पण आधी हे ठरू दे.’ अटीवरचा होकार ही वेगळीच गोष्ट धरायची. ती होकारातही टाकायची नाही, नकारातही नाही. अट जशी त्यांनी सांगितली तशी लिहायची.

मेल ४४ चं ‘ठीक आहे’ कशाला होतं? ते कोणत्या मेलाखाली लिहिलंय ते बघा. तीन टिंबांवर बोट ठेवलं की खालचा मजकूर उघडतो.

रामबागवाली

उघडून पाहिलं. ते दादाच्या मेल ४१ ला उत्तर आहे. दादाने त्यात दोन गोष्टी लिहिल्या होत्या. एक, ‘स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावून तुळया तपासून घेऊ, नऊ हजार घेईल.’ दोन, ‘भाडेकरूचं वेगळं बघू, त्यासाठी छत थांबवायला नको.’

आत्ताच आत्याला फोन केला. ती म्हणाली, ‘इंजिनिअरला बोलवा म्हटलं होतं मी. भाडेकरूबद्दल मी काही बोललेच नाही.’

म्हणजे तिची अट अजून उभी आहे, आणि मी ती काढून टाकली होती.

मांडवीजवळची (वडोदरा)

मला एक वेगळा अनुभव सांगायचाय. आमच्या महिला मंडळाच्या हळदीकुंकवाच्या जागेवरून अशीच मेलामेली झाली होती. एक ताई फार कडू बोलल्या, मी सारांशात ते सौम्य करून ‘नाराजी व्यक्त केली’ असं लिहिलं. त्या माझ्यावरच चिडल्या. म्हणाल्या, मी नाराज नव्हते, मी जागेला विरोध केला होता आणि कारण दिलं होतं: जिने फार आहेत, साठीच्या बायका चढणार कशा. माझ्या सारांशातून कारणच गेलं आणि फक्त राग उरला. तेव्हापासून मी स्वर गाळते, कारण ठेवते.

निखिल_पलासिया

पण टिपणवही सर, शेवटी मोजावं तर लागतंच ना? एकट्या आत्यांच्या अटीसाठी सगळ्यांनी थांबायचं का?

टिपणवही

थांबायचं की नाही ते घर ठरवेल, सारांश लिहिणाऱ्याने ठरवायचं नाही. सारांशाने एवढंच दाखवायचं की या आक्षेपाला कोणी उत्तर दिलं आहे की नाही.

मी आयुष्यभर सॉफ्टवेअरमध्ये होतो, म्हणून तिकडचं सांगतो. इंटरनेटचे नियम जिथे ठरतात त्या आयईटीएफमध्ये मतदान करत नाहीत. २०१४ साली त्यांनी `RFC 7282` नावाचं एक टिपण काढलं. त्याचा गाभा असा की किती जण बाजूने आहेत यापेक्षा, उठलेल्या प्रत्येक आक्षेपाचा नीट विचार झाला का, हे बघायचं. आक्षेप मान्यच केला पाहिजे असं नाही, पण त्याला उत्तर मिळालेलं असलं पाहिजे. एकाच माणसाचा आक्षेप असला आणि त्याला उत्तर नसलं, तर तो मुद्दा मिटलेला नाही.

आता आत्यांचं बघा. ‘काम निघालं की भाडेकरू कुठे जातील?’ याला दादांनी ‘वेगळं बघू’ म्हटलं. हे उत्तर नाही, हे पुढे ढकलणं आहे. मतं मोजली तर आठ विरुद्ध एक होईल आणि हा प्रश्न गायब होईल. काम सुरू झालं की तो माजघरात येऊन उभा राहील.

निखिल_पलासिया

हं. आमच्या बिल्डिंगला लिफ्टचं असंच झालं होतं. बहुमताने बंद ठेवून बदलायची ठरली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचं डायलिसिस कोणी धरलंच नव्हतं. बरोबर आहे तुमचं. तरी जिथे फक्त पसंतीचा प्रश्न आहे, रंग कोणता वगैरे, तिथे मोजायला हरकत नसावी.

टिपणवही

तिथे खुशाल मोजा. म्हणूनच मतभेद दोन जातींचे लावायचे. ‘तुळया वाळवीने खाल्ल्या आहेत की नाही’ हा मतभेद तपासून मिटतो, त्याच्यापुढे ‘कोण तपासणार, कधी’ एवढंच लिहायचं. ‘वाडा कौलारू राहावा की नाही’ हा तपासून मिटत नाही. तिथे दोन्ही बाजूंचं कारण एकेका वाक्यात, सारख्याच लांबीचं. एकाला चार ओळी आणि दुसऱ्याला अर्धी दिली की वाचणाऱ्याला कळतं तुम्ही कुणाच्या बाजूच्या.

रामबागवाली

तपासणी झाली आहे. इंजिनिअरचा अहवाल काकांनी ३ जुलैला सकाळी साडेसातला सगळ्यांना पाठवला (मेल ५८). सहापैकी दोन तुळया भिंतीत शिरतात त्या टोकाला वाळवीने पोखरल्यात, बाकी चार ठणठणीत. त्याने सुचवलंय की दोन तुळया बदला, कौलं फेरा, स्लॅबची गरज नाही.

पण यातच माझा एक गोंधळ आहे. न्यू जर्सीच्या भावाचा मेल: ‘जे सुचवलंय ते करा, माझी संमती आहे, हिश्शाचे पैसे पाठवतो.’ त्यावर तारीख २ जुलै, रात्री १०:४०. म्हणजे अहवालाच्या आधीची. आदल्या दिवशी, १ जुलैला, दादाने स्लॅबचा सविस्तर खर्च पाठवला होता. म्हणून मी त्याला स्लॅबच्या बाजूने धरलं. दादाही तसंच धरतोय.

टिपणवही

ही वेळ कुठे दिसली? मूळ मेलवर की खालच्या मजकुरात?

रामबागवाली

मूळ मेल मला आलाच नव्हता. त्याने फक्त काकांना उत्तर दिलं होतं, सगळ्यांना नाही. ६ जुलैला त्याने तोच पुन्हा सगळ्यांना फॉरवर्ड केला, त्याच्या आत ही तारीख आहे.

टिपणवही

मग ती न्यू जर्सीची वेळ आहे. मूळ मेल उघडला तर जीमेल तुमच्या वेळेत दाखवतं, पण फॉरवर्डच्या आत छापलेली वेळ पाठवणाऱ्याच्या घड्याळाची असते. जुलैत तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. २ जुलैची रात्र १०:४० म्हणजे इंदूरची ३ जुलै सकाळ ८:१०. अहवाल साडेसातला गेला. त्यांचं उत्तर चाळीस मिनिटांनी आलंय, आणि तेही फक्त काकांना, ज्यांनी अहवाल पाठवला होता.

‘जे सुचवलंय’ म्हणजे इंजिनिअरने सुचवलेलं असण्याचीच शक्यता जास्त. तरी तुम्ही तसं लिहू नका. काकांच्या खात्यात मूळ मेल कशाखाली आहे ते बघा, आणि भावाला एका ओळीत विचारा.

रामबागवाली

विचारलं. ‘रिपोर्टप्रमाणे करा असंच म्हणायचं होतं, स्लॅबचा मेल मी वाचलाच नव्हता.’ काकांकडेही बघितलं, अहवालाच्याच मेलला उत्तर आहे.

दादाला हे सांगताना मला फार सांभाळून बोलावं लागणार आहे. त्याने पंधरा दिवस त्या आधारावर पुढची गणितं केली आहेत.

मांडवीजवळची

सांगण्याआधी मसुदा त्यांनाच पहिला दाखवा. ज्यांचं मत सर्वांत वेगळं पडतंय त्यांना आधी, एकट्यांना. ‘तुमचं म्हणणं मी नीट लिहिलंय का, एवढंच बघा.’

लष्करकर

याला माझा विरोध. एकाला आधी दाखवलं की बाकीचे म्हणणार, यांचं आपसात ठरलंय. सगळ्यांना एकाच वेळी पाठवा आणि दुरुस्त्या सगळ्यांसमोर होऊ द्या. अकरा वर्षांत एवढं शिकलोय.

मांडवीजवळची

तुमच्याकडे प्रकरण कोर्टात होतं, काका. इथे अजून घरातलं आहे. सगळ्यांसमोर माणूस आपली चूक मान्य करत नाही.

टिपणवही

मी असतो तर आत्या आणि दादा दोघांनाही, प्रत्येकाला फक्त त्यांच्या नावाच्या ओळी पाठवल्या असत्या, पूर्ण मसुदा नाही. पण लष्करकरांचा मुद्दा हलका नाही. घरची माणसं कशी आहेत ते रामबागवालीच जाणे.

एक अजून राहिलं. कोणी विचारलेला आणि कोणीच उत्तर न दिलेला प्रश्न शोधा. वाद झालेले मुद्दे लक्षात राहतात, हे हरवतात. ८३ मेलांतून फक्त प्रश्न वेगळे उतरवा, प्रश्नचिन्ह नसलेलेही, आणि प्रत्येकाच्या पुढे उत्तराचा आकडा घाला. आकडा सापडला नाही तर तो उघडा प्रश्न.

रामबागवाली

केलं. एकतीस प्रश्न निघाले. सव्वीसांना उत्तर आहे. पाच उघडे आहेत आणि त्यातला एक वाचून मी थबकले. नागपूरची बहीण, मेल २७: ‘पन्हळीचं पाणी शेजाऱ्यांच्या भिंतीत मुरतं, ते छत करताना बदलायचं का.’ ती सगळ्यात धाकटी. त्याच दिवशी दादा आणि काकांची जुंपली होती. एकानेही तिला उत्तर दिलं नाही, तिनेही पुन्हा विचारलं नाही.

मसुद्याचा पहिला भाग असा झालाय:

छत. ठरलेलं: इंजिनिअरला बोलावणं (४१, ४४, ४६), झालं. दोन तुळया बदलणं, अहवालानंतर याला कोणाचा आक्षेप आलेला नाही (५८ ते ८३). दोघे जण जूननंतर बोललेले नाहीत, त्यांचं मत धरलेलं नाही.

मतभेद: कौलं फेरावी (काका ३, ६०, न्यू जर्सी, ६ जुलैचा मेल आणि आजचा खुलासा) की स्लॅब टाकावा (दादा ९, ५२, ६६). काकांचं कारण: खर्च झेपतो आणि वाडा आहे तसा राहतो. दादाचं कारण: दर दोन वर्षांनी देखरेख करायला इथे पुढे कोणी नसेल.

अटीवर: आत्या (१२). कामाच्या काळात भाडेकरूंची सोय आधी ठरावी. ४१ मध्ये वेगळं बघू म्हटलंय, सोय अजून ठरलेली नाही.

उघडं: पन्हळीचं पाणी (२७). उत्तर कोणाचंच नाही. काकांनी गवंड्याला विचारून कळवावं का?

टिपणवही

‘आक्षेप आलेला नाही’ आणि ‘दोघे बोललेले नाहीत’ हे वेगळं लिहिलंत, ते फार महत्त्वाचं. एकच बदल करा. शेवटच्या ओळीत ‘काकांनी विचारावं का’ हा तुमचा प्रस्ताव आहे, मेलांतला नाही. तो खाली वेगळा, तुमच्या नावाने लिहा.

निखिल_पलासिया

ताई, एक शंका. आत्यांचे मेल आत्या स्वतः टाइप करतात का? आमच्याकडे आजीच्या खात्यावरून मामाच लिहायचा.

रामबागवाली

नाही, तिचा मुलगा टाइप करतो. मेल १२ तिने सांगून लिहिलाय, ते तिच्या बोलण्यातूनच कळतं. पण मेल ७१ मध्ये ‘हिश्शाचा खर्च क्षेत्रफळावर विभागावा’ असं आहे आणि ते तिचं वाटत नाही. तिला विचारलं तर म्हणाली, ‘असेल, त्याने लिहिलं असेल.’ आता हे कोणाच्या नावावर घालू?

लष्करकर

खातं आत्याचं, तर मत आत्याचं. नाहीतर उद्या प्रत्येक जण म्हणेल मी लिहिलं नव्हतं.

मांडवीजवळची

मला नाही पटत. ती स्वतः सांगतेय की तिचं नाही. ‘आत्यांच्या खात्यावरून’ असं लिहा.

टिपणवही

यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. ‘खात्यावरून’ लिहिलं तर खरं राहील, पण वाचणाऱ्यांना कळेल की आत्या आणि मुलगा यांच्यात एकमत नाही, आणि ते सगळ्यांना सांगायला आत्यांनी तुम्हाला सांगितलेलं नाही.

रामबागवाली

शनिवार रात्र. दादाला त्याच्या नावाच्या ओळी पाठवल्या, आत्याला फोनवर वाचून दाखवल्या. आत्या म्हणाली, ‘सोय म्हणजे त्यांना माडीवरच्या दोन खोल्या द्या, एवढंच लिही.’ ही अट इतकी छोटी होती आणि ८३ मेलांत कोणी तिला विचारलं नव्हतं. दादाने एक शब्द बदलला: ‘कोणी नसेल’च्या जागी ‘कोणी असेल याची खात्री नाही’. न्यू जर्सीच्या मेलबद्दल त्याने काही लिहिलं नाही.

मेल ७१ चं अजून ठरत नाहीये. सकाळी आत्याशी परत बोलते, मग पाठवते.